टीव्ही नव्या मुलीच्या खात्यावर

शनिवारी संध्याकाळी पावणेपाच वाजता नाचणे रोडवरच्या बिवलकरांच्या घरी कुरिअरवाल्याने दर्शना भुवड या नावाचा खोका आणून दिला. खोक्यात कंपनीचा लॅपटॉप होता. सहाच्या सुमारास तो घरातल्या वायफायला जोडला, पण इंटरनेट सुरू झालं नाही. लॉग-इनचं पान आलं, दर्शनाने आपलं नाव आणि पासवर्ड टाकला, आणि पानाने कळवलं की या खात्यावर दोन उपकरणांची नोंद आधीच आहे, तिसरं घेता येणार नाही.

बिवलकरांच्या वरच्या मजल्यावर आठ मुली पेइंग गेस्ट म्हणून राहतात. प्रत्येकीला वायफायचं वेगळं खातं आहे आणि एका खात्यावर दोनच उपकरणं चालतात. ही मर्यादा घरमालक चारुदत्त बिवलकर, म्हणजे मुलींचे नाना, यांनी घालून घेतली. पूर्वी एकच पासवर्ड सगळ्यांना होता. तो मैत्रिणींकडे गेला, मैत्रिणींच्या भावांकडे गेला, आणि एका एप्रिलमध्ये रस्त्यापलीकडे रंगकाम करणारी चार माणसं दुपारच्या सुट्टीत कंपाउंडला टेकून सिनेमे बघताना नानांना दिसली. त्यानंतर त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्याकडून एक नियंत्रक पेटी बसवून घेतली. पेटी माणूस ओळखत नाही, उपकरण ओळखते. प्रत्येक फोनच्या किंवा लॅपटॉपच्या वायफायला स्वतःचा एक पत्ता असतो, तो खात्यावर नोंदला जातो. फोन बंद केला किंवा घेऊन बाहेर गेलं तरी नोंद राहते. जागा मोकळी होते ती नोंद काढल्यावरच. नानांनी स्वतःच्या खात्यालाही दोनाचीच मर्यादा लावून घेतली होती. त्यांचा एक फोन आणि त्यांच्या पत्नी कमलाकाकूंचा एक.

दर्शनाच्या खात्यावर एक तिचा फोन होता. दुसरा होता वरच्या मजल्यावरच्या दिवाणखान्यातला टीव्ही.

टीव्हीची गोष्ट अशी. तो नानांनी मुलींसाठीच घेतला, पण डिशवर. इंटरनेट अभ्यासाला आणि कामाला आहे, टीव्हीला नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. टीव्ही मात्र इंटरनेटवर चालणारा होता, आणि डिशवर जे लागत नव्हतं ते इंटरनेटवर लागत होतं. तेव्हा मुलींनी आपसात एक रीत पाडली. जी सगळ्यात शेवटी राहायला येईल तिच्या खात्यावर टीव्ही चढवायचा. नव्या मुलीकडे बहुधा फोनच असतो, दुसरी जागा रिकामी असते. ती रुळली, लॅपटॉप वगैरे घेतला, की तोवर आणखी कुणी नवी आलेली असते. टीव्हीवर लॉग-इनचं पान उघडत नाही, म्हणून टीव्हीच्या सेटिंगमधला पत्ता बघून तो खात्यात हाताने टाकावा लागे. हे काम चिपळूणची राही सुर्वे करत असे. ती एका पतसंस्थेत नोकरीला आहे आणि घरात सगळ्यात जुनी आहे, साडेचार वर्षांची. दर्शनाच्या आधीची नवी मुलगी प्रशिक्षण संपवून गेली, नानांनी तिचं खातं बंद केलं, आणि दिवाळीनंतर आलेल्या दर्शनाकडे टीव्ही आला. राहीने पत्ता वाचून दाखवला, दर्शनाने टाकला. “आता तू या घरची झालीस,” असं राही तेव्हा म्हणाली होती.

लॅपटॉप सोमवारी सकाळी दहाला लागणार होता. काम रुग्णालयांच्या विमा दाव्यांचं. आजाराला आणि उपचाराला ठरलेले संकेतांक लावायचे, घरी बसून. कंपनी पुण्याची. दर्शनाने त्यासाठी बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अभ्यासक्रम केला होता. निवड एकदा जूनमध्येही झाली होती. तेव्हा ती राजापूरजवळच्या आपल्या गावात होती आणि हजेरीच्या दिवशी गावची लाइन तुटली. रस्त्याच्या कडेला चर खणणाऱ्यांनी ती तोडली होती आणि पाच दिवस जोडली नाही. कंपनीने नाव वगळलं, मग तिच्या अर्जावरून पुढच्या तुकडीत घेतलं. त्या वेळच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की ही दुसरी संधी शेवटची. म्हणून ती रत्नागिरीला राहायला आली. वडील मुंबईत एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतात. त्यांनी तिला खोलीत पंखा आहे का हे विचारलं नाही, नेट कसं आहे हे विचारलं.

कंपनीच्या अटी दोन होत्या. मोबाइलचा हॉटस्पॉट चालणार नाही. आणि पहिलं लॉग-इन ज्या लाइनीची माहिती कळवली आहे त्याच लाइनीवरून झालं पाहिजे. नानांनी घराच्या आणि बागेच्या कॅमेऱ्यांसाठी लाइनीला कायमचा आयपी पत्ता घेतला होता. तोच दर्शनाने त्यांना विचारून कंपनीला कळवला होता. म्हणजे शेजारी जाऊन किंवा कॉलेजात बसून काम भागणार नव्हतं. लॅपटॉप याच घरातून सुरू व्हायला हवा होता, आणि सोमवारच्या दहाच्या आत कंपनीची सगळी प्रणाली त्यात उतरून घ्यायला हवी होती.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी ओवी आगाशे, गुहागरची, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला. तिचा फोन आणि लॅपटॉप, दोन्ही जागा भरलेल्या. घरातल्या बाकी सगळ्यांचं तसंच. ओवीने आधी वायर लावून बघू म्हटलं. जिन्याखालच्या राउटरला वायर जोडली तर तेच पान, तोच निरोप. वायरही त्याच पेटीतून येत होती.

“मग टीव्हीला उडव,” ओवी म्हणाली.

“राहीताईला विचारायला हवं.”

“विचार. आज शनिवार आहे. गाण्याच्या स्पर्धेचा शेवटचा भाग आहे. ती तुला सांगेल, सोमवारी बघू. आणि सोमवारी तुझे पुणेकर सांगतील, आता पुढच्या जन्मी बघू.”

राही सव्वासात-साडेसातला येते. तिच्या आधी करून टाकावं, मग सांगावं, असं दोघींचं ठरलं. खात्याच्या पानावर उपकरणांची यादी होती. दोन ओळी. एकीसमोर ‘अँड्रॉइड’ लिहिलेलं, दुसरीसमोर नाव नाही, फक्त आकडे आणि अक्षरं. दर्शनाचा फोन अँड्रॉइडचा. तेव्हा पहिली ओळ फोनची आणि बिननावाची टीव्हीची, हे दोघींना इतकं उघड वाटलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता ताडून बघावा असं सुचलं नाही. टीव्हीसमोर तेव्हा तिघी बसल्या होत्या, हेही एक कारण होतं. दर्शनाने बिननावाची ओळ काढून टाकली.

तिच्या हातातल्या फोनचं वायफाय गेलं. दिवाणखान्यातला टीव्ही चालूच राहिला.

लॅपटॉपवरच्या पानावर आता नवीन मजकूर होता. काढलेली जागा अठ्ठेचाळीस तास बंद राहील, त्या काळात दुसरं उपकरण काढता किंवा जोडता येणार नाही. हे कुलूप मुलींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मुली पाहुण्यांचे फोन चढवतात आणि उतरवतात अशी नानांची तक्रार होती, त्यावरून ते दिवाळीच्या सुट्टीत बसवलं गेलं होतं. तेव्हापासून कुणाला नोंद काढायची वेळच आली नव्हती. कुलूप सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडणार होतं.

ओवीने यादीत उरलेली ओळ परत वाचली. मग म्हणाली, “टीव्हीपण अँड्रॉइडच असतो, ना?”

“आता सांगतेस?”

“आता आठवलं.”

इंटरनेट पुरवणाऱ्याचं ऑफिस साळवी स्टॉपला आहे. तिथला ओमकार घरी येऊन पेटी बसवून गेला होता. त्याचा नंबर राउटरवरच चिकटवलेला होता. दर्शनाने गच्चीवर जाऊन फोन लावला. तिची खोली मागची, भिंतीला जांभ्याची दरड लागून आहे, तिथे मोबाइलला रेंज येत नाही. ओमकार गुहागरच्या वाटेवर होता, रविवारी त्याच्या चुलतभावाचा साखरपुडा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि काय झालं ते सांगितलं. अलीकडचे फोन प्रत्येक वायफायसाठी स्वतःचा खोटा पत्ता तयार करतात, खरा देत नाहीत, नावही सांगत नाहीत. म्हणून बिननावाची ओळ तिच्या फोनची होती. टीव्ही असला चावटपणा करत नाही. तो नाव सांगतो, आणि त्याच्या पत्त्यावरून तो कोणत्या कंपनीचा हेही कळतं.

कुलूप उघडता येतं का, असं दर्शनाने विचारलं. येतं, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच, तो म्हणाला. मोबाइलवर त्याला खाती नुसती दिसतात. सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं की दोन मिनिटांचं काम.

“किती वाजता उघडतं?”

“दहाला. पण ताई, एक आहे. तुमच्या सांगण्यावरून मला नाही उघडता येणार. बिवलकर काकांचा फोन पाहिजे. कुलूप त्यांनीच घालायला सांगितलंय. आणि ते पहिलं काय विचारतील माहितेय? खात्यावर आत्ता काय आहे. मी खोटं नाही सांगणार हो.”

खात्यावर आत्ता एकटा टीव्ही होता. योग्य ओळ काढली गेली असती तर तिथे फक्त तिचा फोन दिसला असता, आणि नानांकडे जायला काहीच अडचण नव्हती. हे दर्शनाला गच्चीवरून खाली उतरताना कळलं. ओवीला ते आधीच कळलं होतं.

साडेसातला राही आली. तिला सगळं सांगावं लागलं. ती चिडली नाही, निदान मोठ्याने नाही. पर्स खुंटीला अडकवता अडकवता तिने दर्शनाला दोनदा सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मग तिने तिचं म्हणणं मांडलं. नानांना कळलं तर टीव्ही जाईल, ते एक. पण साडेचार वर्षं मुली आपल्याला फसवतायत हे त्यांना कळेल, आणि नाना असे आहेत की ते सगळ्यात जुनी कोण हे पहिलं बघतील. राहीच्या लग्नाचं ठरत होतं. घर फेब्रुवारीपर्यंत सोडायचं नव्हतं आणि मधेच दुसरीकडे जागा शोधायची नव्हती. तिने दर्शनाला कंपनीकडून एक दिवस मागून घ्यायला सांगितलं. सोमवारी संध्याकाळी कुलूप आपोआप उघडेल, मंगळवारी सकाळी लॅपटॉप चालू. कुणाला कळणार नाही.

“एका दिवसासाठी कोण नोकरी काढून घेतं?” राही म्हणाली.

“जूनमध्ये काढून घेतली होती.”

“तेव्हा पाच दिवस होते.”

दर्शनाने गच्चीवर जाऊन मेल लिहिला. लॅपटॉप मिळाला, घरच्या वायफायवर उपकरणांची मर्यादा आहे, एक दिवस मिळेल का. उत्तर लगेच आलं, आपोआप पाठवलं जाणारं. कार्यालय सोमवारी सकाळी साडेनऊला सुरू होईल.

खाली गाण्याची स्पर्धा सुरू झाली होती. एका मुलीने तिला बसायला जागा करून दिली. जाहिरातीत कुणीतरी म्हणालं की आजचा कार्यक्रम दर्शनाच्या सौजन्याने, आणि दोघी-तिघी हसल्या. त्यांना तोवर काही माहीत नव्हतं. दर्शना दहा मिनिटं बसली आणि खोलीत गेली.

रविवारी सकाळी नाना बागेत होते. मोहोर सुरू झाला होता, फवारणीवाले आले होते. साडेनऊला ते परत आले, पडवीत खुर्चीवर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. दर्शना जिन्यावर उभी होती. तिने आदल्या दिवशी ओवीशी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ओवीचा सल्ला असा होता की फक्त कुलपाचं सांग, टीव्हीचं ते विचारतील तेव्हा बघू. दर्शनाने तसं केलं नाही. तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं की तिच्या खात्यावर दिवाणखान्यातला टीव्ही आहे, तो काढायला गेले आणि चुकून फोन काढला, आता खातं बंद आहे आणि उद्या दहाला नोकरीची हजेरी आहे.

नानांनी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. बूट एकाशेजारी एक लावून ठेवले.

“टीव्ही कुणी चढवला?”

“माझ्या खात्यावर आहे. मीच पत्ता टाकला.”

“पत्ता तू टाकलास. तू येऊन महिना नाही झाला. पत्ता कुठे असतो हे तुला कुणी दाखवलं?”

वरच्या मजल्यावर कुणाच्यातरी चपलांचा आवाज जिन्यापर्यंत आला आणि थांबला.

कमलाकाकू स्वयंपाकघरातून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप नानांच्या हातात दिला आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

“तिला कशाला उलटतपासणी घेताय? टीव्ही मी लावायला सांगितला.”

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“पहिल्यांदा मीच सांगितलं. ती देवरुखची मुलगी होती बघा, चष्मेवाली, तिला. दुपारी तुम्ही बागेत जाता. मी काय भिंतीशी बोलू? माझी मालिका डिशवर रात्री नवाला लागते, तेव्हा खाली तुमच्या बातम्या असतात. मुली दुपारी नसतात, मी वर जाऊन बघते.”

“कधीपासून?”

“आता मी काय तारीख सांगू? टीव्ही आणलात त्या गणपतीपासून धरा.”

“आणि आपल्या खात्यावर का नाही लावलास?”

“दोन झाली ना. तुमचा फोन आणि माझा. नियम तुमचाच.” मग त्या दर्शनाकडे वळल्या. “अगो, तू नोकरीचं काल संध्याकाळीच का नाही बोललीस? ओमकार गावात होता तोवर.”

राही म्हणाली म्हणून, असं एक उत्तर दर्शनाकडे होतं, आणि ते पूर्ण खरं नव्हतं. ओमकारशी बोलणं झालं तेव्हा तो गुहागरच्या वाटेला लागलेलाच होता.

नानांनी चहा संपवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी दर्शनाला कंपनीचं पत्र दाखवायला सांगितलं, चष्मा लावून फोनवर ते पूर्ण वाचलं, अटींची दोन कलमं परत वाचली. दहा म्हणजे दहा की दहापर्यंत, असं विचारलं. दहाला हजेरीचं पान उघडतं आणि सव्वादहाला बंद होतं, दर्शनाने सांगितलं. त्याआधी लॅपटॉपमध्ये प्रणाली उतरवून घ्यायला किती वेळ लागतो, हे त्यांनी विचारलं. पत्रात पाऊण ते दीड तास लिहिलं होतं.

“म्हणजे साडेआठ. दहाला ऑफिस उघडून उपयोग नाही.”

त्यांनी ओमकारला फोन लावला. साखरपुड्याच्या घरचा गलका फोनमधून बाहेर ऐकू येत होता. नानांनी आधी अभिनंदन केलं, मुलगी कुठली ते विचारलं. मग म्हणाले की उद्या साडेआठला ऑफिस उघडून दर्शना भुवडचं खातं पूर्ण रिकामं करायचं. टीव्ही काढायचा, कुलूप काढायचं. ओमकारने सांगितलं की तो रात्री गुहागरलाच राहणार आहे, सकाळची पहिली गाडी धरली तरी साळवी स्टॉपला यायला नऊ, सव्वानऊ होतील. ऑफिसची दुसरी किल्ली मालकांकडे आहे आणि मालक कोल्हापूरला गेलेत. नानांनी विचारलं की आता, या क्षणी, घरच्या पेटीवर काही करता येईल का. घरून पेटी बंद करून चालू करता येईल, ओमकार म्हणाला, पण त्याने कुलूप जात नाही, वेळ तिच्या आत जपलेली असते. नवं खातं काढता येईल का? दहा खात्यांचाच परवाना आहे. आठ मुलींची, एक तुमचं, एक कॅमेऱ्यांचं.

“मग माझा फोन काढतो माझ्या खात्यावरून.”

“काका, तुमच्या खात्यालाही तेच कुलूप लागेल. तुम्हीच सगळ्यांना लावा म्हणालात.”

कमलाकाकू रिकामा कप घेऊन आत गेल्या आणि लगेच परत आल्या. कॅमेऱ्यांचं खातं, असं नाना म्हणाले. त्या खात्यावर कॅमेऱ्यांची एकच यंत्रणा नोंदलेली होती, दुसरी जागा रिकामी असणार. ओमकारने मोबाइलवर बघून सांगितलं की जागा आहे, पण कॅमेऱ्यांचं खातं पेटीत वेगळ्या गटात टाकलेलं आहे. त्या गटातून फक्त कॅमेऱ्यांच्या सर्व्हरकडे जाता येतं, बाकी सगळं बंद. लॅपटॉप चढेल, पुण्याला पोचणार नाही. गट बदलायचा तर ऑफिसलाच यावं लागेल.

ते खरं होतं. नानांनीच एकदा म्हटलं होतं की कॅमेऱ्यांच्या नावावर कुणी सिनेमे बघायला नकोत.

शेवटी असं ठरलं की ओमकारने पहिली गाडी धरावी आणि ऑफिसला पोचल्याबरोबर काम करावं. नानांनी त्याला पहाटे फोन करून उठवायचं कबूल केलं. दर्शना वर गेली. जिन्याच्या वरच्या पायरीवर राही उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“माझं नाव नाही घेतलंस,” ती म्हणाली.

“काकूंनी घ्यायची वेळच नाही येऊ दिली.”

“तसं का होईना.” राही आपल्या खोलीत निघून गेली. दुपारी जेवणानंतर कमलाकाकू वर आल्या नाहीत. संध्याकाळी नाना स्वतः वर आले, टीव्हीसमोर उभे राहिले, रिमोट हातात घेऊन सेटिंगमध्ये वायफायचा पत्ता कुठे दिसतो ते राहीला विचारलं. तिने दाखवलं. तिने किती सहज दाखवलं हे दोघांच्याही लक्षात आलं असावं, पण नाना थँक यू म्हणाले आणि खाली गेले.

सोमवारी सकाळी साडेसातला नाना बागेत गेले नाहीत. फवारणीवाल्यांना त्यांनी फोनवर सूचना दिल्या. ओमकारची गाडी वेळेवर सुटली, पण आबलोलीच्या पुढे वाटेत आडवं पडलेलं फणसाचं झाड हलवायला वेळ लागला. त्याने गाडीतूनच दोनदा कळवलं. दर्शना लॅपटॉप उघडून बसली होती. ओवीने कॉलेजचं पहिलं लेक्चर बुडवलं होतं आणि ते लेक्चर तसंही बुडवण्यासारखंच आहे असं ती सांगत होती. साडेनऊ वाजून गेल्यावर दर्शनाने गच्चीवर जाऊन कंपनीच्या मदतकक्षाला फोन केला. तिथल्या मुलीने एका दिवसाची सवलत देण्याचा अधिकार आपल्याला नाही असं सांगितलं, तक्रार नोंदवून घेतली आणि क्रमांक दिला.

ती गच्चीवरच असताना नऊ वाजून त्रेचाळीस मिनिटांनी ओमकारचा फोन आला. “करून बघा.”

दर्शनाने खाली येऊन नाव आणि पासवर्ड टाकला. पान हिरवं झालं. तिच्या खात्यावर एकच ओळ होती, लॅपटॉपची. कंपनीची प्रणाली उतरायला सुरुवात झाली. नाना दारात उभे होते, आत आले नाहीत. त्यांनी बाकीच्या मुलींना अकरापर्यंत वायफाय बंद ठेवायला सांगितलं होतं आणि वर येताना स्वतःचा फोन खाली बंद करून ठेवून आले होते. तरी दहाला पडद्यावर एकतीस टक्के होते.

हजेरीचं पान दहाला उघडलं. त्यात दर्शनाचं नाव, लाइनीचा पत्ता, दोन्ही बरोबर लागले. तिसऱ्या रकान्यात लॅपटॉप अजून तयार नाही असं आलं, आणि पुढे जाण्याचं बटण दाबता येईना. सव्वादहाला पान बंद झालं तेव्हा प्रणाली चव्वेचाळीस टक्के उतरली होती. ओवी म्हणाली की बंद करू नकोस, उतरू दे. दर्शना बंद करणार नव्हतीच.

अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रणाली पूर्ण उतरली आणि लॅपटॉप एकदा बंद होऊन चालू झाला. तिसरा रकाना हिरवा झाला. लगेच मेल आला. उमेदवार नियोजित वेळेत लाइनीवर उपस्थित असल्याची नोंद मिळाली आहे, उपकरण वेळेत सज्ज नव्हतं, प्रकरण तुकडीप्रमुखांकडे पाठवलं आहे.

नानांनी मेल वाचून त्यातल्या पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं आणि हे त्यांनी स्वतःहून लिहिलंय, असं म्हणाले. मग त्यांनी इंटरनेट पुरवणाऱ्याच्या वतीने एक पत्र तयार केलं. उपकरणांच्या मर्यादेमुळे आणि कुलपामुळे उशीर झाला, दोष घरमालकाच्या व्यवस्थेचा आहे, असं त्यात होतं. ओमकारने ते ऑफिसच्या शिक्क्याने पाठवलं आणि दर्शनाने दुपारी दीडच्या सुमारास पुण्याला जोडून दिलं. पत्र पोचल्याचा निरोप तीनला आला.

संध्याकाळी सहापर्यंत तुकडीप्रमुखांचं उत्तर आलेलं नव्हतं. लॅपटॉप चालू आहे आणि लाइनीवर आहे. हजेरीच्या पानावर दर्शनाच्या नावापुढे ‘विचाराधीन’ असं दिसतं.